वहीचं एक पान फाडलं की मागचं दुसरं का सुटतं? आणि घरी वही कशी शिवायची

जून उजाडला की घरोघरी मागच्या वर्षीच्या अर्ध्या कोऱ्या वह्यांचा ढीग निघतो. आमच्याकडेही निघाला. भाचीनं त्यातल्या एका वहीचं शेवटचं कोरं पान विमान करायला टर्रकन फाडलं आणि दोन दिवसांनी पहिलं पान, नाव-इयत्ता-तुकडी लिहिलेलं, आपोआप गळून पडलं. "मी ते फाडलंच नव्हतं," असं ती शपथेवर सांगत होती. ते खरंही होतं.

हा प्रकार आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलाय. त्याचं उत्तर नीट समजलं की वही शिवायची कशी, हे निम्मं समजलेलं असतं. म्हणून आधी ते.

## पान एकटं नसतं

शाळेची वही उघडून बरोबर मधोमध बघा. तिथे दोन पिना दिसतील आणि त्या पिनांखाली समोरासमोरची दोन पानं म्हणजे एकच सलग कागद आहे, हेही दिसेल. सगळी वही अशीच असते. सपाट कागद एकावर एक ठेवले, सगळे मिळून मधोमध दुमडले आणि घडीवर पिना मारल्या, की झाली वही. म्हणजे प्रत्येक कागद दोन पानं देतो, एक वहीच्या पुढच्या अर्ध्यात आणि दुसरं मागच्या अर्ध्यात. सगळ्यात बाहेरच्या कागदाचं एक टोक पहिलं पान, दुसरं टोक शेवटचं. शेवटचं फाडलं की पहिल्याला धरून ठेवायला उरते ती घडीजवळची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची चिंधी.

पुढे गोंधळ नको म्हणून तीन शब्द ठरवून घेऊ. न दुमडलेला तो कागद. दुमडल्यावर त्याची होतात ती दोन पानं. पानाच्या दोन बाजू ती पृष्ठं. म्हणजे एक कागद, दोन पानं, चार पृष्ठं. (दुकानातली 'दोनशे पानी' वही म्हणजे दोनशे पृष्ठं, अर्थात पन्नासच कागद. लहानपणी हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.) एकात एक दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला छापखान्यात फर्मा म्हणतात. आपण आज एका फर्म्याची वही शिवणार आहोत.

यात पानं धरून ठेवण्याचं खरं काम घडी करते. दोरा फक्त घड्या एकमेकींत बसलेल्या ठेवतो. त्यामुळे पुढची सगळी काळजी दोऱ्यापेक्षा घडीची घ्यायची आहे.

## एवढंसं बांधलेलं टिकतं का?

१९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात तेरा जुन्या हस्तलिखितांचा साठा सापडला. साधारण चौथ्या शतकातली, पपायरसवर लिहिलेली, चामड्याच्या वेष्टनातली ही पुस्तकं. त्यातली बहुतेक एकाच जाड फर्म्याची आहेत, म्हणजे रचनेनं आपल्या शाळेच्या वहीची खापरपणजी. आपल्याकडची पोथी वेगळी. तिची पानं सुटी असतात, एकावर एक रचून बासनात बांधलेली, त्यामुळे शिवणीचा प्रश्नच नाही. शिवलेलं असायचं ते बाड.

## कोणत्या मापाची वही करायची?

बहुतेक लोक ए-४ कागद घेतात, मधोमध दुमडतात आणि ए-५ मापाची वही करतात. मी म्हणेन, पहिली वही त्याच्या निम्म्या मापाची, म्हणजे ए-६, खिशात मावणारी करा. कारण लहान आकार नव्हे, कागदाचे तंतू.

कागद यंत्रावर तयार होतो तेव्हा लगदा वेगानं पुढे वाहत असतो आणि त्यातले बरेचसे तंतू वाहण्याच्या दिशेत सरळ लागतात. नदीच्या पाण्यात काटक्या प्रवाहाच्या दिशेत वळतात तसे. म्हणून कागदाला बांबूसारखी एक सोपी आणि एक अवघड दिशा असते. बांबू उभा चिरला की सरळ चिरतो, आडवा मोडायला गेलं की चिंध्या निघतात. वर्तमानपत्र फाडून बघा, एका दिशेनं पट्टी सरळ येते, दुसऱ्या दिशेनं वेडीवाकडी. घडी तंतूंच्या दिशेत पडली तर ती सपाट बसते. आडवी पडली तर तंतू मोडतात, घडी फुगीर राहते आणि वही मिटल्यावरही जांभई दिल्यासारखी उघडी पडते.

बाजारातल्या साध्या ए-४ कागदात तंतू बहुतेक वेळा लांब बाजूला समांतर असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी जाते. पण तोच कागद आधी मधोमध कापून दोन ए-५ केले आणि मग ए-५ मधोमध दुमडले, तर घडी बरोबर तंतूंच्या दिशेत येते. गंमत एवढीच. दुसऱ्यांदा अर्धं केलं की दिशा आपोआप सुधारते.

खात्री करायची असेल तर कागद न दुमडता नुसता वाकवा, आधी एका दिशेनं, मग दुसऱ्या. जिकडे कमी विरोध जाणवतो, तिकडे वाकाची रेघ तंतूंना समांतर आहे. जाड कार्डावर हे फार स्पष्ट कळतं.

## सामान

ए-४ चे ४ कागद, नेहमीच्या झेरॉक्सचे, ७५ जीएसएमचे चालतील. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड. चार कागद कापून आठ होतील, आठांची सोळा पानं, बत्तीस पृष्ठं.

कव्हरला २०० ते २५० जीएसएमचं कार्ड. मी लग्नपत्रिका वापरते, घरात त्यांना तोटा नसतो. फक्त चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेली नको, घडीवर तो थर तडकतो.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र हयगय करू नका. शिलाई मशीनचा बारीक दोरा कागदाला सुरीसारखा कापतो. गोधडीला टाके घालायचा जाडसर सुती दोरा उत्तम. नायलॉनचा दोरा मजबूत खरा, पण गाठ धरत नाही. सुती दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोन वेळा ओढून घ्या. मधमाशीचं मेण मिळालं तर छान, नाहीतर मेणबत्ती. मेण लावलेल्या दोऱ्याचे तंतू विस्कटत नाहीत आणि गाठ घसरत नाही.

सुई अशी घ्या की तिच्या नेढ्यात हा दोरा कसाबसा जाईल. दाभण नको, त्याचं भोक फार मोठं होतं. भोकं पाडायला कंपासपेटीतलं कर्कटक. शिवाय स्टीलची पट्टी, कटर आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे.

## घडी

आठही ए-५ कागद एकदम दुमडू नका. चार-चारचे दोन गठ्ठे दुमडा आणि मग एकात एक बसवा. एकदम दुमडले की बाहेरच्या कागदांची घडी गोलसर राहते आणि कागद एकमेकांवरून सरकतात. हातानं दुमडून झाल्यावर चमच्याची पाठ घडीवरून दाबून दोन-तीनदा फिरवा. बाइंडर यासाठी हाडाची गुळगुळीत पट्टी वापरतात, पण चमचा चांगलं काम करतो.

आता गठ्ठा मिटून उघड्या कडेकडे बघा. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे आलेली दिसतील. तुम्ही वाकडं दुमडलं असं समजू नका. आतल्या कागदाला बाहेरच्या कागदांच्या जाडीएवढी जागा सोडावी लागते, म्हणून तो तेवढा पुढे सरकतो. या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. म्हणजे आठ कागदांत सगळ्यात आतला सुमारे पाऊण मिलिमीटर पुढे येणार. शेवटी कापून टाकता येतं किंवा सोडूनही देता येतं.

कव्हर १४८ मिलिमीटर उंच आणि २१३ ते २१४ मिलिमीटर रुंद कापा. कागद २१० रुंद आहेत, वरचे तीन-चार मिलिमीटर कण्याच्या जाडीला आणि कडेला. कणा म्हणजे वहीची पाठ, तिची शिवलेली बाजू. कार्ड थेट दुमडू नका. मधोमध पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढा, म्हणजे घडीला वाट मिळते.

## भोकं: तीनच का?

दोन भोकांत वही शिवली तर मधल्या भागात घडी सैल राहते आणि आतले कागद तिथून डोकावतात. दहा भोकं पाडली तर टपाल तिकिटांच्या कडेसारखं होतं, भोकांच्या ओळीवरूनच कागद फाटायला तयार. १४८ मिलिमीटरच्या कण्याला तीन पुरतात. ए-५ उंचीच्या वहीला पाच.

१४८ मिलिमीटर लांबीची कागदाची अरुंद पट्टी कापा आणि तिच्यावर २०, ७४ आणि १२८ मिलिमीटरवर खुणा करा. एका टोकाला बाण काढून 'वर' लिहा. खुणा दोन्हीकडून सारख्याच आहेत, मग बाण कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण हाताची खूण कधी नेमकी २० वर नसते. माझ्या पहिल्या वहीत पट्टी कव्हरवर सुलट आणि पानांवर उलट ठेवली गेली. दोन्हीकडची भोकं एकेक मिलिमीटर चुकली आणि कव्हर कायमचं तिरकं बसलं.

एखादं जाड जुनं पुस्तक किंवा दिवाळी अंक मधोमध उघडा. त्या खाचेत आपला फर्मा, कव्हरसह, अर्धवट उघडा ठेवा. घडी बरोबर खाचेत टेकेल. वर-खाली चिमटे लावून कागद हलणार नाहीत असं करा. पट्टी आत घडीला लावा आणि कर्कटकाचं टोक आतून बाहेर, दोन्ही बाजूंच्या पानांपासून सारख्या अंतरावर ठेवून सरळ खाली दाबा. टोक घडीवरूनच बाहेर यायला हवं. बाहेरून कव्हर बघा. भोक घडीच्या रेघेवर नसून तिच्या शेजारी असेल तर टोक तिरकं गेलं आहे. घडीच्या बाजूला पडलेल्या भोकात पान वळायला अडतं आणि तिथूनच फाटायला लागतं.

कर्कटकाचं टोक निमुळतं असतं. जितकं खोल दाबाल तितकं आतलं भोक मोठं. टोक बाहेर जरासं दिसलं की थांबा, उरलेली वाट सुई काढेल.

## शिवण

दोरा किती? कण्याच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे इथे ४५ सेंटिमीटर. टाक्यांना प्रत्यक्षात २२ सेंटिमीटरच्या आसपास लागतो, बाकीचा गाठीला आणि हातात धरायला. सुईत एकपदरी ओवा आणि टोकाला गाठ मारू नका.

सुरुवात आतून, मधल्या भोकातून. सुई बाहेर काढा आणि आत दोऱ्याचं दहा सेंटिमीटर शेपूट सोडा, डाव्या अंगठ्यानं दाबून ठेवा. बाहेरून वरच्या भोकात जा, सुई आत येईल. आता आतून थेट खालच्या भोकाकडे. मधलं भोक ओलांडून जायचं, त्यात शिरायचं नाही. खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून वर येऊन मधल्या भोकातून पुन्हा आत. बस, शिवण संपली.

इथे एकदा तपासा. बाहेर कण्यावर दोन छोटे टाके, एकमेकांना भिडलेले. आत वरपासून खालपर्यंत एक लांब टाका. मधल्या भोकातून दोऱ्याची दोन टोकं आत आलेली. ही दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना हवीत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला असतील तर एक टोक टाक्याखालून सरकवून पलीकडे घ्या. म्हणजे गाठ त्या लांब टाक्यावर बसेल आणि त्याला घडीत दाबून धरेल. असं नाही केलं तर लांब टाका सैल लोंबकळतो.

दुसऱ्यांदा मधल्या भोकातून येताना सुईनं आधीचा दोरा भोसकू नये. भोसकला तर दोरा ओढूनही सरकत नाही. तसं झालं तर सुई मागे घ्या, जोर लावू नका.

## ओढायचं कुठल्या दिशेनं

सगळ्यात जास्त वह्या इथे बिघडतात. दोरा ताणताना आपण सवयीनं स्वतःकडे, म्हणजे पानाला काटकोनात ओढतो. तसं केलं की दोरा करवतीसारखा भोकाच्या कडेवर चालतो आणि गोल भोकाची लांबट चीर होते. ओढायचं ते कण्याला समांतर, पुढच्या टाक्याच्या दिशेनं. वरच्या भोकातून आत आल्यावर दोरा खाली ओढा, खालून बाहेर निघाल्यावर वर. प्रत्येक टाक्याला थोडं ओढा, शेवटी दोन्ही टोकं धरून एकदा हळूच.

ताण किती हवा? वही मिटल्यावर बाहेरचा टाका नखानं उचलून बघा. नख खाली शिरत असेल तर सैल आहे. कव्हर भोकांपाशी आत ओढलं जाऊन सुरकुतलं असेल तर जास्त झालं. पावसाळी दमट दिवसांत कागद नरम असतो, तेव्हा हात अधिक हलका ठेवावा लागतो.

चीर पडलीच तर ती वही तशीच वापरा, वाईट नाही. पुढच्या वेळी सगळ्यात आतल्या घडीत दीड सेंटिमीटर रुंदीची जाडसर कागदाची पट्टी दुमडून ठेवा आणि तिच्यातूनही शिवा. ताण ती सोसेल.

गाठ निरगाठ हवी, सुरगाठ नको. उजवं टोक डाव्यावरून घेऊन पहिला पेड, मग डावं टोक उजव्यावरून घेऊन दुसरा. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर गाठ दिसायला सारखी पण टोकं लांब टाक्याच्या रेषेत वर-खाली वळतात, आणि ती हळूहळू सरकते. टोकं टाक्याच्या डावी-उजवीकडे आडवी पडली तर गाठ बरोबर. सेंटिमीटरभर शेपटं ठेवून कापा. अगदी मुळाशी कापली तर गाठ सुटते.

मग रात्रभर तांदळाच्या डब्याखाली. पुढे आलेली पानं डोळ्यांना खुपत असतील तर सकाळी पट्टी घट्ट धरून नव्या पात्यानं उघड्या कडेची दोन मिलिमीटर पट्टी काढा. एका दमात नाही, दहा-बारा हलक्या फेऱ्यांत. कात्रीनं कापायला गेलात तर प्रत्येक पान वेगळ्या ठिकाणी कापलं जाईल.

## "मग स्टेपलर काय वाईट?"

वाईट नाही, पोहोचत नाही. घरातल्या स्टेपलरचा हात आखूड असतो, ए-६ वहीच्या घडीपर्यंतही तो कडेकडून जात नाही. जमवलंच तर पिन गंजते, आणि कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळ्यांत तिच्याभोवती तपकिरी डाग पडून कागद तिथेच कुजतो.

## "डिंकानं चिकटवलं तर?"

पाठीला गोंद लावून केलेल्या स्वस्त पुस्तकांची पानं गळतात ती घडी नसल्यामुळे. तिथे घड्या कापून टाकलेल्या असतात आणि प्रत्येक सुटं पान फक्त आपल्या पातळ कडेनं गोंदाला धरून असतं. गोंद जुना होऊन कडक झाला आणि पुस्तक पूर्ण उघडलं, की कडा सुटते. आपल्या वहीत प्रत्येक पानाला जोडीदार आहे, म्हणून गोंद लागतच नाही. उलट पाणीदार डिंक लावलात तर कागद फुगून लाटा येतील.

## "जुन्या वहीची सुटी पानं चालतील?"

दोन पानं जोडलेली असतील, म्हणजे मधल्या पिना उचकटून पूर्ण कागद निघत असेल, तर थेट चालतील. एकेकटी फाटलेली पानं मात्र त्याच मापाच्या वहीत शिवता येत नाहीत. पण तेच एकटं लाँग बुकचं पान मधोमध दुमडलं की तो कागद झाला आणि त्याची दोन छोटी पानं झाली. भाचीच्या ढिगातून आम्ही अशाच पाच वह्या केल्या. रेघा काहींत उभ्या आल्या, त्यांत ती चित्रं काढते.

## "बत्तीस पृष्ठं म्हणजे काहीच नाही"

आठाचे बारा कागद करता येतील. त्यापुढे घडी फुगते, आतली पानं फार पुढे येतात आणि कापल्यावर मधली पानं उघड अरुंद दिसतात. वीस कागदांत हा फरक दोन मिलिमीटरपर्यंत जातो. उपाय जाड फर्मा नव्हे, जास्त फर्मे. घरी सगळ्यात सोपं म्हणजे दोन. कव्हरच्या मधोमध एकाऐवजी दोन समांतर रेघा, चार मिलिमीटर अंतरावर. पहिला फर्मा पहिल्या रेघेवर, दुसरा दुसऱ्या रेघेवर, दोन्ही वर सांगितले तसेच, आपापल्या दोऱ्यानं. कव्हर तेवढं चार मिलिमीटर जास्त रुंद कापायचं आणि दुसरा फर्मा शिवताना पहिल्याची पानं चिमट्यानं बाजूला धरायची, नाहीतर सुई त्यांच्यातूनही जाते.